चिरा वरच्या अंगाला

सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्याने ठिबकच्या दुकानदाराला लिहिलेलं पत्र मी पाठवण्याआधी वाचलं. पहिला खर्डा रागाचा होता: ‘तुमचा माल बोगस निघाला, पैसे परत करा.’ राग खराच होता, पण अशा पत्राला दुकानदाराकडे तयार उत्तर असतं. उंदरानं कुरतडलं असेल, ॲसिड जास्त सोडलं असेल, प्रेशर वाढलं असेल. म्हणून दुसरा खर्डा लिहिण्याआधी आम्ही दोघं बागेत गेलो आणि प्रत्येक नळी पाहत एक एक ओळ चाललो.

एक एकर बाग, 16 ओळी, प्रत्येक ओळीला 60 मीटरच्या दोन नळ्या. म्हणजे 32 नळ्या, 500 मीटरच्या चार बंडलांतून कापलेल्या. मृग बहार धरायचा म्हणून बाग ताणावर सोडली होती. ताणात पानं गळतात, सावली जाते आणि नळ्या कोरड्या, उघड्या उन्हात पडून राहतात. मेअखेरीस पहिलं पाणी सोडलं, तेव्हा जागोजागी कारंजी उडाली.

चिरा नळीला आडव्या, केसासारख्या बारीक आणि बहुतेक वरच्या अंगाला होत्या. मातीला टेकलेली बाजू अजून लवचिक होती. उंदरानं कुरतडलं असतं तर दातांच्या खुणा आणि तुटलेले तुकडे दिसले असते. प्रेशरने नळी फुटते तेव्हा ती बहुधा लांबीत उभी फाटते. ॲसिडचा घाव आतून बसतो, त्याला ऊन-सावलीचा भेद कळत नाही.

नळीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिथिन. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या साखळ्या तोडतात, मग नळी कडक पडते आणि वाकवली की तडकते. हे होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे अतिशय बारीक काजळी, मिसळतात. ती किरण शोषून घेते. चांगल्या नळीत ती वजनाच्या दोन ते तीन टक्के असते आणि सगळीकडे सारखी मिसळलेली असते. कमी पडली किंवा गुठळ्या राहिल्या, तरी नळी डोळ्यांना काळीच दिसते. नुसत्या रंगावर विसंबणं म्हणूनच धोक्याचं.

बागेतली सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली ती नळीवरच्या छपाईत. तीन बंडलांवर एकच बॅच क्रमांक होता, चौथ्यावर वेगळा. तडकलेल्या 24 नळ्या त्या तीन बंडलांच्या होत्या आणि चौथ्या बंडलाच्या आठही नळ्या धड होत्या. ऊन तेच, पाणी तेच, ॲसिड तेच, मोटार तीच. शिवाय प्रत्येक बंडलातून उरलेला 20 मीटरचा तुकडा शेडमध्ये सावलीत पडला होता. तो घडी घातली तरी तडकला नाही.

मग पत्र असं झालं:

‘शेठ, स.न.वि.वि. मागच्या जुलैत आपल्याकडून 16 एमएमची इनलाइन नळी, चार बंडलं घेतली. बिलाची प्रत सोबत आहे. त्यातल्या एकाच बॅचच्या तीन बंडलांच्या सगळ्या 24 नळ्यांना उन्हाकडच्या बाजूने आडव्या चिरा गेल्या. दुसऱ्या बॅचच्या आठ नळ्या त्याच बागेत शाबूत आहेत. बॅच क्रमांक दिसतील असे फोटो जोडले आहेत. आपण किंवा कंपनीचा माणूस आठ दिवसांत येऊन पाहावं. तडकलेला, शाबूत आणि शेडमधला, असे तीन नमुने दोघांच्या सहीने सीलबंद करू, एक संच माझ्याकडे राहील. कार्बन ब्लॅकची तपासणी करून घ्यावी. तोवर तीन बंडलं बदलून मिळावीत, फुलं धरायची वेळ आहे.’

नमुन्यांचा एक संच स्वतःकडे ठेवण्याचा मी आग्रह धरला. दुकानदार भला असला तरी ‘सगळा माल आणून टाका, बघतो’ म्हणाला की पुरावा त्याच्या गोदामात जातो. प्रयोगशाळेत नळीचा छोटा तुकडा नायट्रोजनमध्ये तापवतात. प्लास्टिक उडून जातं, काजळी उरते आणि तिचं वजन करतात. मात्र ती नीट मिसळली होती का, हे नुसत्या वजनातून कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं आणि तेही पत्रात मागणं योग्य.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. उपजीविकेसाठी स्वतः शेती करणारा माणूस 2019च्या कायद्यानुसार ग्राहक ठरतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते आणि गरज पडली तर आयोग स्वतःच नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो.

शेतकऱ्याने पत्र रजिस्टर पोस्टाने धाडलं, पावती बिलाला टाचली आणि आठ धड नळ्यांवरून पहिल्या चार ओळींना पाणी सुरू केलं.