नेमणूक एका पदावर, काम दुसरंच

समजा, पुण्यातल्या एका कंपनीने एका तरुणीला ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ म्हणून ऑफर लेटर दिलं. १ एप्रिलला ती रुजू झाली. प्रोबेशन सहा महिन्यांचं. दोन महिने उलटले, तरी ती दिवसभर करते काय, तर थकबाकीदार ग्राहकांना फोन. मॅनेजरला विचारलं की उत्तर ठरलेलं: “सध्या एवढं सांभाळ, पुढे बघू.”

अशा वेळी राजीनामा रागाच्या भरात लिहिला जातो आणि त्यात ‘फसवणूक’ हा शब्द हमखास येतो. त्याआधी नेमणूकपत्र शांतपणे वाचायला हवं. कंपनी गरजेनुसार इतर कामंही देऊ शकते, असं कलम त्यात बहुतेक वेळा असतंच. त्याच्या आधारे कंपनी सहज म्हणू शकते की आम्ही काही चुकीचं केलं नाही. तेव्हा आरोपापेक्षा तारखांसकट मांडलेली हकिगत जास्त वजनदार ठरते.

दुसरं टोक म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव’. लिहायला सोपं, पण पुढे कंपनीने बाँडचे पैसे मागितले तर खरं कारण सांगणारा कागदच हाती उरत नाही. बाँड म्हणजे रद्दी, हा समजही सोडलेला बरा. विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. तिथे मुद्दा बदललेल्या कामाचा नव्हता. म्हणूनच ज्याचं काम खरोखर बदललं, त्याने ते लिहून ठेवायला हवं.

या तरुणीच्या पत्राचा गाभा तीन वाक्यांत मावतो: “माझी नेमणूक डेटा अ‍ॅनालिस्ट या पदावर झाली होती. १ एप्रिलपासून मला वसुलीच्या फोनचं काम देण्यात आलं असून, याबाबत मी ६ आणि २० मे रोजी ईमेलने विचारणा केली होती. नेमणुकीच्या वेळी ठरलेलं काम मिळत नसल्याने मी राजीनामा देत आहे.” त्या दोन ईमेलमुळे पत्राला आधार मिळतो. तोंडी विचारणा नंतर कुणालाच आठवत नाही.

मग नोटिशीचा हिशेब. प्रोबेशनमध्ये ती कायम नोकरीपेक्षा बऱ्याचदा कमी असते. तिच्या पत्रात पंधरा दिवस आहेत. ३ जूनला राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून मोजलं, तर शेवटचा दिवस १८ जून. ही तारीख पत्रात स्पष्ट लिहावी. त्याखालीच रिलीव्हिंग लेटर आणि हिशेबाची उरलेली रक्कम मागावी.

एक खाचखळगा मात्र पत्राबाहेरचा. अनेक कंपन्यांत राजीनामा एचआर पोर्टलवरही भरावा लागतो आणि तिथे कारणांची यादी असते. घाईत ‘चांगली संधी’ निवडली, की पत्रातल्या कारणाला छेद जातो. तिथे ‘इतर’ निवडून पत्र जोडावं आणि पोचपावती वैयक्तिक ईमेलवर घ्यावी, कारण ऑफिसचं खातं शेवटच्या दिवशीच बंद होतं.