‘मी गाणे विसरले’: एका गुणाची विचारणा

नववीच्या वर्गात प्रयोगावर छोटी चाचणी झाली आहे असे समजा. प्रश्न असा: ‘मी गाणे विसरले. प्रयोग ओळखा.’ मुलीने ‘कर्तरी’ लिहिले. बाईंनी लाल शाईने फुली मारून शेजारी ‘कर्मणी’ लिहिले. मुलीला आपले उत्तर बरोबर वाटते. तिने काय करावे?

बाईंची फुली कुठून आली, हे आधी समजून घेतले पाहिजे. शाळेतला नियम सांगतो की क्रियापद सकर्मक असेल आणि काळ भूत असेल, तर बहुधा कर्मणी प्रयोग होतो. ‘मी गाणे ऐकले’, ‘मी कविता ऐकली’, ‘मी धडा ऐकला’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘राजूने गाणे ऐकले’ म्हणताना कर्त्याला ‘ने’ लागतो. ‘मी’चे रूप प्रथमेत आणि तृतीयेत एकच असल्यामुळे तो प्रत्यय तिथे दिसत नाही. आता ‘मी गाणे विसरले’ पाहा. ‘गाणे’ नपुंसकलिंगी एकवचनी आणि ‘विसरले’ हे रूप त्याला नेमके जुळते. घाईत तपासताना हे वाक्य ‘ऐकले’च्याच रांगेत जाऊन बसते.

पण बोलणारी मुलगी असेल, तर ‘विसरले’ हे तिचेही रूप आहे. लिखाणातल्या एका ‘ले’त दोन रूपे लपली आहेत. बोलताना ती वेगळी होतात: ‘मी गाणं ऐकलं’, पण ‘मी गाणं विसरले’. प्रमाण लेखनात दोन्हींचा शेवट ‘ले’ होतो आणि कानाला कळणारा फरक डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पत्रात वाद घालण्यापेक्षा वाक्य बदलून दाखवावे. ते पत्र साधारण असे होईल:

‘आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.
प्रयोगाच्या चाचणीतील ‘मी गाणे विसरले’ या वाक्याचे माझे उत्तर ‘कर्तरी’ होते. आपण ‘कर्मणी’ असे दुरुस्त केले आहे. वाक्य सकर्मक आणि भूतकाळी असल्यामुळे तसे केले असावे, असे मला वाटते. मी दोन बदल करून पाहिले. कर्ता बदलला, तर ‘राजू गाणे विसरला’ होते. ‘राजूने गाणे विसरले’ असे आपण म्हणत नाही. कर्म बदलून ‘मी धडा विसरले’ केले, तरी क्रियापद तसेच राहते. त्यामुळे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, असे मला वाटते. माझ्या विचारात काही चूक असेल, तर कृपया समजावून सांगावी. मधल्या सुटीत आपल्याला वेळ असेल, तेव्हा वही घेऊन येईन.
आपली विद्यार्थिनी’

या पत्रात गुण मागितलेला नाही, मैत्रिणीच्या वहीचा दाखला नाही आणि ‘क्लासमध्ये असेच शिकवले’ हेही नाही. बाईंना तपासता येईल असा पुरावा मात्र आहे. बाईंचे कारण मुलीने आधी स्वतःच मांडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामुळे पत्रात तक्रारीचा सूर येत नाही आणि चर्चा थेट त्या वाक्यावर सुरू होते.

मुलीचे म्हणणे बरोबर आहे. विसरणे, शिकणे, बोलणे, भेटणे अशी काही क्रियापदे भूतकाळातही कर्त्याचीच सोबत करतात. आपला ‘ल’चा भूतकाळ संस्कृतातल्या भूतकालवाचक धातुसाधितावरून आला. सकर्मक धातूंचे ते रूप कर्माला जुळायचे, म्हणून ‘आंबा खाल्ला’, ‘भाकरी खाल्ली’. विसरणे-शिकणे यांत क्रियेचा परिणाम करणाऱ्यावरच होतो, म्हणून ती वेगळी चालतात, असे एक स्पष्टीकरण देता येते. पण खाण्याचा परिणामही खाणाऱ्यावर होतोच, आणि ‘खाणे’ मात्र कर्मणीतच राहते. तेव्हा अर्थावरून अंदाज बांधण्यापेक्षा वाक्य बदलून पाहणे अधिक भरवशाचे.

ही चाचणीही जपून करावी लागते. मुंबईकडे आणि विदर्भात अनेक मुली ‘मी विसरली’ म्हणतात. त्यांनी कर्म म्हणून ‘कविता’ घेतली, तर ‘मी कविता विसरली’ हे वाक्य दोन्ही बाजूंना जुळते आणि काहीच सिद्ध होत नाही. तिथे ‘धडा’सारखे पुल्लिंगी कर्म घ्यावे. ‘पिणे’ तर आज दोन्हीकडे झुकते: ‘ती पाणी प्यायली’ कर्तरी आहे, पण ‘तिने पाणी प्यायले’ म्हणणारेही पुष्कळ आहेत आणि ते कर्मणी. त्या वाक्यावर शंका असेल, तर पत्र लिहिण्याआधी प्रश्नपत्रिकेत ‘ती’ छापले आहे की ‘तिने’, हे पाहून घ्यावे.