‘आजवर कुणीच अभ्यास केलेला नाही’

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडते: ‘या विषयावर आजवर कोणतेही संशोधन झालेले नाही.’ आपण हाच अभ्यास का करतोय, याचे उत्तर म्हणून ते लिहिले जाते. संशोधक मंडळी त्याला ‘रिसर्च गॅप’ म्हणतात. ते वाक्य स्वतःच्या कामाबद्दल असल्यासारखे वाटते, पण खरे तर तो इतरांच्या कामाबद्दल केलेला दावा असतो आणि म्हणूनच तो तपासता येतो.

कॅनडातील डीन फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तो तपासलाच. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अ‍ॅप्रोटिनिन हे औषध दिले जाई. 1987 ते 2002 या काळात त्याच्या 64 चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सगळ्यांचे निष्कर्ष क्रमाने एकत्र मांडल्यावर दिसले, की या औषधाने रक्त चढवण्याची गरज बरीच घटते हे 1992 मध्ये, बाराव्या चाचणीपर्यंतच पुरेसे स्पष्ट झाले होते. तरीही पुढे पन्नासहून अधिक चाचण्या झाल्या. याचे एक कारण संदर्भांच्या यादीत सापडते. आधीच्या चाचण्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याचाच उल्लेख नंतरचे लेखक करत होते. 1,784 रुग्णांची सर्वांत मोठी चाचणी तर तिच्यानंतरच्या 44 पैकी फक्त सात लेखांत आली. मागचे वाचलेच नाही तर समोर मोकळे रान दिसणारच.

गंमत अशी, की या औषधाबाबत खरी उणीव होतीच, पण ती दुसरीकडे होती. औषध न देण्यापेक्षा ते देणे बरे, एवढे कळले होते. स्वस्त पर्यायी औषधांच्या तुलनेत ते कितपत सुरक्षित आहे, हे मात्र मोठ्या चाचणीतून ठरायचे बाकी होते. फर्ग्युसन यांच्याच गटाने 2331 रुग्णांवर ही तुलना केली. अ‍ॅप्रोटिनिनच्या गटात मृत्यू जास्त दिसू लागल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2008 मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा त्या औषधाची विक्री आधीच स्थगित झालेली होती.

नेमकी गॅप कशी असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्त्रीरोगांबद्दल माहिती नव्हतीच असे नाही. पण ती बहुतेक दवाखान्यांतून आलेली होती, आणि दवाखान्यापर्यंत जी बाई पोहोचतच नाही ती त्या आकड्यांत येणार कुठून? म्हणून 650 स्त्रियांची गावपातळीवर तपासणी झाली. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही आजार निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार झाले होते जेमतेम आठ टक्क्यांचे. ‘अमुक पद्धतीच्या माहितीतून तमुक माणसे सुटतात’ एवढाच दावा इथे पुरला. शिवाय त्याला व्यवहाराची बाजू होती: गर्भारपण आणि कुटुंबनियोजन यांपुरत्या आरोग्य कार्यक्रमांतून बायकांचे किती आजार निसटतात, हे त्यातून दिसणार होते. हा भाग महत्त्वाचा, कारण ‘कुणी केले नाही’ एवढ्यावर भागत नाही. करण्याजोगे नव्हते म्हणूनही कुणी केले नसेल.

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीला ऊसतोड करणाऱ्या बायकांवर असेच काम करायचे आहे. ‘ग्रामीण स्त्रियांच्या आजारांकडे संशोधकांचे संपूर्ण दुर्लक्ष झाले आहे’ असे तिने लिहिले, तर गडचिरोलीचा लेख आणि त्यानंतर कर्नाटकात झालेले कामच तिला खोटे पाडेल. त्याऐवजी ती असे लिहू शकते: ‘गावपातळीवर तपासणी करून आजारांचे प्रमाण मोजणारे अभ्यास झालेले आहेत. परंतु हंगामात गावाबाहेर असणाऱ्या स्त्रिया अशा पाहणीतून सुटू शकतात. पबमेड आणि शोधगंगा यांवर दिलेल्या शब्दांनी, दिलेल्या तारखेपर्यंत शोध घेतला असता, कारखान्याच्या तळावर तपासणी केलेला अभ्यास आढळला नाही.’ अर्थात, असा शोध खरोखर घेतल्यावरच शेवटचे वाक्य लिहायचे. इंग्रजीबरोबर मराठी शब्दांनीही शोधायचे, कारण मराठीत लिहिलेले प्रबंध इंग्रजी शब्दांनी सुटू शकतात.

यानंतर ते निवेदन आणि अभ्यासाची उद्दिष्टे शेजारी ठेवून वाचायची. बहुतेक सिनॉप्सिस इथे घसरतात. उणीव सांगितलेली असते तळावरच्या स्त्रियांची आणि नमुना घेतलेला असतो हंगाम संपल्यावर, गावातल्या आरोग्य केंद्रातून. मग आधीच्या अभ्यासांवर घेतलेला आक्षेप तिच्याही अभ्यासाला लागू होतो.

आणि प्रबंध सादर करण्याआधी आठवडाभर तळावरचाच एखादा जुना अभ्यास हाती लागला तर? ‘कुणीच केले नाही’ म्हणणाऱ्याचे सगळे मुसळ केरात. ‘आढळला नाही’ म्हणणारीला मात्र त्या अभ्यासाचा उल्लेख करता येतो, त्यात काय मोजले होते ते सांगता येते आणि त्यात केवळ तोंडी विचारपूस झाली असेल, तर आपली गॅप ‘वैद्यकीय तपासणी’ एवढीच ठेवून ते एक वाक्य बदलता येते.