सीबीसीचा रिपोर्ट वाचताना

सीबीसीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. समजा, ३२ वर्षांच्या एका बाईंच्या रिपोर्टमध्ये ते ९.८ आहे. म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं हे प्रथिन त्यांच्या १०० मिलिलिटर रक्तात ९.८ ग्रॅम आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. तो कशामुळे झाला, हे मात्र पुढच्या ओळींमध्ये शोधावं लागतं.

आरबीसी काउंट ४.२, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात ४२ लाख तांबड्या पेशी. पीसीव्ही ३१, म्हणजे रक्ताच्या आकारमानात या पेशींचा वाटा ३१ टक्के. पीसीव्हीला १० ने गुणून आरबीसीने भागलं की एका पेशीचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही मिळतो. इथे तो ७४ येतो. मोठ्या माणसांत तो साधारण ८० ते १०० असतो, तेव्हा या पेशी लहान आहेत. एमसीएच हे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन, तर एमसीएचसी म्हणजे पेशीतली त्याची दाटी. आरडीडब्ल्यू पेशींच्या आकारातली तफावत दाखवतो. तो १४.५ च्या आसपास थांबायला हवा, इथे १७.५ आहे.

लहान पेशींची दोन कारणं आपल्याकडे नेहमी आढळतात: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर. लोह कमी पडलं की पेशींची संख्याही घटते आणि नव्या पेशी जुन्यांपेक्षा लहान निघतात, म्हणून तफावत वाढते. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी बारीक असल्या तरी संख्येने भरपूर असतात, आणि आकाराने बहुधा सारख्या.

१९७३ मध्ये मेंटझर यांनी यावरून एक सोपा हिशेब सुचवला: एमसीव्ही भागिले आरबीसी. उत्तर १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा संशय, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा. या बाईंचं उत्तर १७.६ आहे. एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ५.६ असती, तर ते ११ आलं असतं. दोन्ही कारणं एकत्र असली की हा हिशेब फसतो. म्हणून खात्रीसाठी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-टू तपासतात. ही खात्री संसारासाठीही लागते, कारण पती-पत्नी दोघांनाही बीटा थॅलेसेमिया मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते.

पुढे पांढऱ्या पेशी येतात. मोठ्या माणसांत त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांच्या प्रकारांची टक्केवारी एकूण संख्येशी ताडून पाहावी. लिम्फोसाइट ५५ टक्के आणि एकूण पेशी ३,००० असतील, तर लिम्फोसाइट प्रत्यक्षात १,६५० भरतात. म्हणजे ते वाढलेले नाहीत, दुसऱ्या पेशी घटल्या आहेत.

शेवटी प्लेटलेट, साधारण दीड ते साडेचार लाख. कधी नळीतल्या ईडीटीएमुळे त्यांच्या गुठळ्या होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. अंगावर कुठेच रक्तस्रावाची खूण नसताना आकडा अचानक ४०,००० आला, तर स्मिअर काचेवर पाहतात आणि सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात.