कॅप्सूल कोणाची घ्यावी?

नेस्प्रेसोच्या 'ओरिजिनल' यंत्रासाठी फ्रान्समधल्या सुपरमार्केटात इतर कंपन्यांच्या कॅप्सूलही मिळतात आणि त्या बऱ्याचदा स्वस्त असतात. एका कॅप्सूलमागे २० सेंट वाचले, तर रोज दोन कप पिणाऱ्या घराचे वर्षाला १४६ युरो वाचतात.

खरा फरक कॅप्सूलच्या कडेत असतो. यंत्राचा कप्पा बंद होताच कॅप्सूलच्या बुडाला भोके पडतात, तिथून दाबाखाली गरम पाणी आत शिरते आणि समोरची फॉइल जाळीवर फाटून कॉफी बाहेर येते. कड घट्ट बसली नाही, तर पाणी कॉफीतून न जाता बाजूने निसटते. मूळ कॅप्सूलची कड मऊ ॲल्युमिनियमची असून तिला सीलही असते. कडक प्लास्टिकची कड तितकी नीट दबत नाही.

गळती तपासायला वजनकाटा पुरतो. ४० मिलीच्या एस्प्रेसोला कपात २८ ग्रॅमच कॉफी आली आणि वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यात पाणी साचले, तर कड गळते आहे. मूळ कॅप्सूलनेही तसेच झाले, तर दोष यंत्राच्या सीलमध्ये असू शकतो.

चवीचे गणित वेगळे. ॲल्युमिनियम हवा अडवते; साध्या प्लास्टिकमधून ती हळूहळू आत जाते, म्हणून अशा कॅप्सूलला बाहेरून वेगळे सीलबंद पाकीट लागते.

आणि वॉरंटी? २०१४मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणापुढे नेस्प्रेसोने हमी दिली, की इतरांच्या कॅप्सूल वापरल्या तरी यंत्राची वॉरंटी कायम राहील. मात्र त्या कॅप्सूलमुळेच बिघाड झाला, तर दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर येऊ शकतो.