रिकामा चार्जर किती वीज खातो?

फोन काढून घेतला, चार्जर तसाच बोर्डाला, बटणही चालूच. यावरून घरोघरी बोलणी बसतात. पण त्यात वीज नेमकी किती जाते?

युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार, काहीही न जोडलेल्या अशा छोट्या चार्जरने ०.१ वॉटपेक्षा जास्त वीज घेता कामा नये. चांगल्या कंपनीचे आजचे चार्जर सहसा त्याच्याही खालीच असतात. तरी पूर्ण ०.१ वॉट धरू. चोवीस तास, वर्षभर चार्जर लावून ठेवला तर होतात ८७६ वॉट-तास, म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. हिशेबाला सोपा म्हणून युनिटचा दर १० रुपये धरला, तर वर्षाचे पावणेनऊ रुपये. घरात असे पाच चार्जर असले तरी पंचेचाळीसच्या आत. दोन हजार वॉटचा गीझर एवढीच वीज सव्वीस मिनिटांत संपवतो.

जुन्या काळचे जड, ठोकळ्यासारखे चार्जर मात्र खरेच खादाड होते. त्यांच्यातला लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर फोन असो-नसो, सतत वीज घेई आणि ती उष्णतेत घालवी. आजच्या हलक्या चार्जरमधली चिप, पलीकडे कोणी वीज मागत नाही असे दिसताच, जवळजवळ झोपी जाते आणि अधूनमधून क्षणभरच जागी होते. ओळखायचे कसे? फोन न जोडता तासभर लावून ठेवलेल्या चार्जरवर हात ठेवा. जुना ठोकळा कोमट लागतो. हलका चार्जर रिकामा असूनही गरम लागला, तर बिलाआधी आगीची काळजी करा आणि तो टाकून द्या.

पडताळा मीटरवरही घेता येतो. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बहुधा 3200 imp/kWh असे लिहिलेले असते. म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुकी. ०.१ वॉटच्या चार्जरच्या वाट्याला तीन तासांत जेमतेम एक येते. शिवाय घरातले बाकी सगळे बंद असेल, तर एवढ्या क्षीण प्रवाहाची मीटर बहुधा दखलच घेत नाही.

आता रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स पाहा. अनेक बॉक्स त्या अवस्थेतही दहा वॉटच्या आसपास घेत राहतात. तो एकटाच चालू ठेवला, तर दिवा दर दोन मिनिटांनी लुकलुकेल. दिवसाचे वीस तास तो असा राहिला तर वर्षाला ७३ युनिट, म्हणजे ७३० रुपये. बोलणी बसायचीच असतील तर ती इथे बसावीत. रात्री बटण बंद केले की सकाळी बॉक्स सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि रात्रीचे रेकॉर्डिंग लावले असेल तर ते होत नाही, एवढीच अडचण.

चार्जर उपसून ठेवायला एक कारण उरते, पण ते पैशाचे नाही. पावसाळ्यात विजा कडाडताना किंवा व्होल्टेज वरखाली होत असताना तो बोर्डातून काढलेलाच बरा, कारण उसळलेल्या दाबाने तो जळू शकतो.