वाटीत उरलेला एक

शाळेतल्या ४० मुलांसाठी दिवे आलटूनपालटून लुकलुकवणारे सर्किट जोडायची कार्यशाळा आहे असे समजा. प्रत्येकाच्या पिशवीत ५५५ नावाची आयसी, तिचे सॉकेट, ४ रेझिस्टर, २ कपॅसिटर, लाल आणि हिरवा एलईडी, बॅटरीची टोपी आणि पीसीबी जायला हवे. म्हणजे पिशवीत १२ वस्तू, आणि सगळ्या मिळून ४८०. यादी इथेच कामाला येते.

यादीत एका जातीच्या भागाला एक ओळ द्यावी. ‘रेझिस्टर ४’ असे लिहून भागत नाही, कारण त्या चारांत तीन जाती आहेत: १ किलोओहमचा एक, ६८ किलोओहमचा एक आणि ४७० ओहमचे दोन. नावापुढे ओळखायची खूण लिहावी. ६८ किलोओहमवर निळा, करडा आणि नारिंगी पट्टा असतो, ६.८ किलोओहमवर निळा, करडा आणि लाल. फरक एवढ्या एका पट्ट्याचा. पण चुकीचा रेझिस्टर गेला, तर सेकंदाला साधारण एकदा लुकलुकणारा दिवा दहादा फडफडतो, आणि मूल आपलीच जोडणी चुकली असे समजते.

पुढचे रकाने तीन: एका पिशवीत किती, एकूण किती, जादा किती. ४७० ओहमचे एकूण ८० लागतात, पण १०० घ्यावेत. आयसी महाग, तिच्या ४२ पुरतात. प्लॅस्टिकची पिशवी आणि सूचनांचा कागद यांनाही ओळ द्यावी, नाहीतर ऐन वेळी तेच आठवत नाहीत.

भरायला बसण्याआधी जादा माल बाजूला काढून ठेवावा आणि प्रत्येक वाटीत नेमके मोजूनच घ्यावे. आयसीच्या वाटीत ४० असतील, तर ४० पिशव्या भरल्यावर वाटी रिकामी व्हायला हवी. एक उरली, तर कुठल्यातरी पिशवीत ती गेलेली नाही. जादा माल त्याच वाटीत असेल, तर ही चूक कळणारच नाही.

रिकामी वाटी मात्र पुरता पुरावा नव्हे. एका पिशवीत दोन आणि दुसरीत शून्य असेही होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी तोलली, तर बॅटरीची टोपी राहिलेली कळते, पण रेझिस्टर राहिलेला कळत नाही. त्याचे वजन ग्रॅमभरही नसते. म्हणून रेझिस्टर सुटे टाकू नयेत. पत्त्याएवढ्या जाड कागदावर किंमत लिहून त्यापुढे एकेक चिकटवावा. जागा रिकामी राहिली की लगेच डोळ्यांना दिसते, आणि मुलालाही कोणता कुठला ते वाचता येते.

शेवटी कोणतीही एक भरलेली पिशवी घ्या आणि फक्त तिच्यातल्या भागांनी सर्किट जोडून पाहा. यादीतच एखादी वस्तू लिहायची राहिली असेल, तर ती याच वेळी सापडते. बाकीच्या ३९ पिशव्यांची तोंडे त्यानंतरच बंद करा.